मदत हवी आहे: इतिहासाच्या उत्तराचं पहिलं वाक्य

शाईचा_डाग: परवा पेपर आहे. सरावाची तीन उत्तरं तपासून आली आणि तिन्हींच्या समासात एकच शेरा: "प्रश्नातल्या संज्ञा स्पष्ट केल्या नाहीत." अहो, मी पहिल्याच ओळीत व्याख्या दिली होती! अजून काय हवं असतं? सुरुवात कशी करायची तेवढं सांगा, लांबण नको.

पानगळ: प्रश्न काय होता?

शाईचा_डाग: कुठलाही धरा. मी फक्त सुरुवातीबद्दल विचारतोय.

भूर्जपत्र: कुठलाही धरून चालत नाही. प्रश्न आणि तुमची ओळ, दोन्ही जशीच्या तशी टाका.

शाईचा_डाग: बरं. प्रश्न: "हिटलर सत्तेवर येण्यास व्हर्सायचा तह कितपत कारणीभूत होता?" माझी सुरुवात: "तह म्हणजे दोन किंवा अधिक राष्ट्रांमधील लेखी करार. व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला."

टापटीप: संज्ञा अधोरेखित करता का? पट्टीने, पेन्सिलीने. शेरा त्याबद्दलच असणार.

रविवारची_दुपार: व्याख्या सोडा. मी कायम एखाद्या थोर माणसाच्या वचनाने सुरुवात करायचो. तपासणाऱ्यावर छाप पडते.

भूर्जपत्र: वचनाने प्रश्न जागचा हलत नाही, आणि 'तह म्हणजे करार' यानेही नाही, कारण त्या शब्दाबद्दल कुणाचा वादच नाही. ज्या शब्दाचा अर्थ बदलला की उत्तर बदलतं, तो शब्द शोधा. इथे तो आहे 'सत्तेवर येणं'.

ते कधी घडलं? १९२८ मध्ये नाझींना २.६ टक्के मतं होती, जुलै १९३२ मध्ये ३७.३. तह दोन्ही वेळी होताच, मधल्या काळात आली ती मंदी आणि बेकारी. नोव्हेंबर १९३२ मध्ये मतं ३३ टक्क्यांवर घसरली आणि तरीही ३० जानेवारी १९३३ ला हिंडेनबर्गने हिटलरला चान्सलर नेमलं, कारण पापेन आणि त्याच्या साथीदारांना वाटत होतं की हा आपल्या मुठीत राहील. म्हणजे मतं वाढणं ही एक गोष्ट, नेमणूक दुसरी, आणि तहाचा वाटा दोन्हीकडे सारखा नाही.

कच्ची सुरुवात: "येथे सत्ता म्हणजे राजकीय सत्ता असे मानले आहे." चूक काहीच नाही, पण पुढे काय लिहिणार ते कळत नाही.
चांगली सुरुवात: "हिटलर सत्तेवर आला तो दोन टप्प्यांत, १९२८ नंतर वाढलेल्या मतांनी आणि जानेवारी १९३३ च्या नेमणुकीने, तहावरच्या रागाचा उपयोग त्याला पहिल्या टप्प्यात झाला, दुसरा टप्पा मुख्यतः मूठभर राजकारण्यांच्या हिशोबाने घडला."

पानगळ: 'व्हर्सायचा तह' हेही ठरवायला हवं ना? कलमं की त्यांच्याबद्दलची चीड? आणि नुकसानभरपाईनेच जर्मनी मंदीत बुडाली, म्हणजे शेवटी तहच जबाबदार.

भूर्जपत्र: पहिला मुद्दा माझ्याकडून निसटला होता, बरोबर आहे. दुसरा इतका सरळ नाही. लोझानच्या परिषदेत नुकसानभरपाई जवळजवळ संपुष्टात आली ती जुलै १९३२ मध्ये. त्याच महिन्यात नाझींना तोवरची सर्वाधिक मतं पडली. कलम गेलं, चीड राहिली.

पानगळ: पण मंदीत अमेरिकी कर्जं परत मागितली गेली म्हणून जर्मनी कोसळली, आणि १९२४ च्या डॉव्झ योजनेपासून ती कर्जं नुकसानभरपाईच्या गणितातच गुंतलेली होती. मग तह कसा सुटतो?

भूर्जपत्र: गुंतलेली होती, मान्य. पण त्या अर्थाने तह घेतला तर १९१९ नंतरचं सगळंच त्यात येईल आणि 'कितपत'ला काही अर्थ उरणार नाही.

पानगळ: मला नाही पटत.

बोरू: माझा अनुभव वेगळा. फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या प्रश्नात मी 'क्रांती' शब्दाचा कीस पाडत बसलो, पाऊण पान गेलं आणि १७८९ ला पोचेपर्यंत वेळ संपत आला. जास्त व्याख्याही बुडवते.

भूर्जपत्र: म्हणून दोन वाक्यं, फार तर तीन. पुढच्या परिच्छेदात जी व्याख्या कामाला येणार नाही ती गाळायची.

शाईचा_डाग: हे बघा: "या उत्तरात तह म्हणजे त्याची कलमं नव्हे, तर त्यांबद्दलची चीड, आणि सत्तेवर येणे म्हणजे १९३० ते १९३३ मधील नाझींचा उदय."

भूर्जपत्र: पहिला भाग पक्का. दुसऱ्यात 'उदय' लिहून मतं आणि नेमणूक पुन्हा एकत्र कालवलीत. शिवाय १९३० पासूनच का? सप्टेंबर १९३० च्या निवडणुकीत मतं १८.३ टक्क्यांवर गेली म्हणून, असं असेल तर ते त्याच वाक्यात लिहा. आणि कारणीभूत कितपत, ते अजून आलेलंच नाही.

शाईचा_डाग: ते शेवटी लिहिणार होतो, निष्कर्षात.

पानगळ: शेवटीच लिहा. आधी पुरावा, मग निकाल.

भूर्जपत्र: तपासणाऱ्याला पहिल्या परिच्छेदातच कळू द्या, नाहीतर व्याख्या नुसती टांगून राहते.

शाईचा_डाग: तुम्ही दोघं उलटसुलट सांगताय. उरलेले दोन प्रश्न टाकतो, थांबा.