मदत हवी आहे: ४० पुरणपोळ्यांसाठी डाळ-गूळ किती?

मागच्या वेळी २५० ग्रॅम हरभरा डाळीला २५० ग्रॅम चिरलेला गूळ घेतला. कट पूर्ण निथळून शिजवल्यावर साधारण ७०० ग्रॅम पुरण झालं. ६० ग्रॅमचा एक गोळा धरून ११ पोळ्या भरल्या, थोडं पुरण उरलं. चव घरच्यांना जरा जास्तच गोड वाटली.

आता ४० पोळ्या करायच्यात, म्हणजे अंदाजे २४०० ग्रॅम पुरण. समप्रमाणात ८५० ग्रॅम डाळ आणि तेवढाच गूळ लागेल. पण गूळ डाळीच्या पाऊणपट घेतला तर पुरणाचं वजनही घटेल ना? मग डाळ किती वाढवू? आणि कमी गुळाचं पुरण उलथनं उभं राहीपर्यंत आटवलं, तर कोरडं पडून लाटताना पोळी फाटते का?