बाप्पास की बाप्पांस? आणि साकडं की नवस?

मंजिरी (सांगली): माझी भाची ड्रेस्डेनला शिकते. डिसेंबरात तिथं चारलाच अंधारून येतं, त्यात परीक्षा तोंडावर. तिनं आपल्या गणपतीला चक्क पत्र लिहिलं आणि वहिनीला फोटो पाठवला. तिला विचारून ते गल्लीतल्या मंडळाच्या हस्तलिखितात घेतोय, पण तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या दादानं, त्यावर लाल पेन चालवलंय. मूळ पत्र असं:

"तीर्थरूप गणपती बाप्पांस, शि. सा. न. वि. वि.
बाप्पा, तू बरा आहेस ना? मला इथं करमत नाही. खोलीत उदबत्ती लावता येत नाही, धुरानं छतावरचा भोंगा वाजतो. म्हणून न पेटवताच ओवाळते, चालवून घे. गुरुवारी पेपर आहे, बघ की जरा. तुला साकडं घालते, पास झाले तर आल्यावर २१ मोदक करीन. फोनवर घरचे हसतात, मीपण हसते. तुला म्हणून खरं सांगितलं."

दादाला 'तू'च्या जागी 'आपण' हवंय, 'करमत नाही'च्या जागी 'गृहविरह जाणवतो' आणि 'साकडं'च्या जागी 'विनंती'. 'बघ की'वर तर सरळ काट मारलीय. तुम्हाला काय वाटतं?

अनिकेत: 'तीर्थरूप' फक्त सख्ख्या आईवडिलांना लिहितात. बाकी वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप'. म्हणजे मायनाच चुकला. आणि शिरसाष्टांग नमस्कार घातल्यावर पुढं 'तू' कसं येईल? दादांचं बरोबर आहे.

शोभाताई (कऱ्हाड): आमच्या धाकट्यालाही कॅनडात पहिली थंडी फार जड गेली. मी मेतकूट आणि भाजणी पाठवली. उदबत्तीचं म्हणाल तर तिला बॅटरीवरची समई घ्यायला सांगा, भोंगा वाजत नाही.

मंजिरी: शोभाताई, कळवते तिला. प्रश्न पत्रातल्या शब्दांचा होता हो.

देशमुख सर (सातारा): अनिकेत, तीर्थरूप-तीर्थस्वरूपाचा नियम शाळेत शिकवतात तो तसाच आहे. पण देवाला मायबाप म्हणणाऱ्या भाषेत तो देवावर इतका कडक लावायचं कारण नाही. पोरीनं बापाचा मायना देवाला दिला, मला तो पटतो.

'तू'चं म्हणाल तर मराठी माणूस देवाशी 'तू'नंच बोलतो. लग्नाची पहिली पत्रिका घेऊन आपण गणपतीपुढं जातो. पत्रिकेत छापलेलं असतं 'आपण सहकुटुंब सहपरिवार यावे', आणि तीच त्याच्या पायाशी ठेवताना तोंडानं म्हणतो, 'बाप्पा, कार्याला ये, सगळं नीट पार पाड.' तिच्या पत्रातही तसंच झालंय. मायना कागदाच्या रीतीचा, मजकूर देवळातला.

अडतं ते एका अनुस्वारापाशी. 'बाप्पांस' हे आदराचं अनेकवचन, त्यामागून 'तुम्ही' येतं. 'बाप्पास' केलं की खालचं 'तू' खटकत नाही. लाल पेन तेवढंच चालवा.

अनिकेत: अनुस्वाराचं मान्य. पण छापल्यावर लोक शि. सा. न. आणि 'तू' शेजारी बघून हसतील.

देशमुख सर: हसू देत. आता साकडं. साकडं म्हणजे मुळात संकट, अडचण. देवाला साकडं घालायचं म्हणजे आपली अडचण त्याच्या गळ्यात घालून त्यालाच पेचात धरायचं. त्यात देण्याघेण्याचा वायदा लागत नाही. '२१ मोदक करीन' म्हटलं की तो नवस. नवस बोलायचा आणि फेडायचा. साकडं फेडलं असं कुणी म्हणत नाही. तिच्या एका वाक्यात दोन्ही आलंय. 'तुला साकडं घालते'नंतर पूर्णविराम द्या, मोदकांचं वाक्य वेगळं करा. 'विनंती' मात्र नको, 'वि. वि.' म्हणजे 'विनंती विशेष', ती वर येऊन गेलीच आहे.

रुक्साना (मिरज): 'गृहविरह' वाचून मला आधी घरच विरहात पडलंय असं वाटलं! 'करमत नाही' हे मुलगी हॉस्टेलवरून पहिल्याच आठवड्यात म्हणते ते. त्यात घर, माणसं, जेवण, बोलणं सगळं येतं आणि दोष कुणालाच जात नाही. शिवाय ती 'आठवण येते' म्हणाली असती तर आईनं विचारलं असतं, कुणाची? 'बघ की' काढू नका. 'बघ जरा' म्हटलं तर हुकूम वाटतो, 'की'मुळं लाडीगोडी होते.

अनिकेत: 'की' आपल्याकडचा. पुण्यातल्या वाचकाला तो आगाऊपणा वाटेल.

रुक्साना: हस्तलिखित सांगलीच्या गल्लीतलं आहे.

शोभाताई: आमच्याकडं गाऱ्हाणं घालतात असंही म्हणतात.

देशमुख सर: गाऱ्हाणं 'घालणं' कोकणाकडचं, ताई. आपल्या बाजूला गाऱ्हाणं सांगतात किंवा मांडतात, आणि त्यात तक्रार जास्त. हे पत्र तक्रारीचं नाही.

शोभाताई: माझ्या सासूबाई चिपळूणच्या, त्यामुळं असेल.

मंजिरी: दादाला दाखवलं. 'करमत नाही', 'साकडं' आणि 'की' राहिले, 'बाप्पास' झालं. 'तू'वर अजून घुटमळतोय, म्हणतो भटजी वाचतील. आणि आता त्यानंच नवीन काढलंय. पत्राच्या माथ्यावर आपण '॥ श्री ॥' लिहितो, पण पत्रच गणपतीला असेल तर माथ्यावर काय लिहायचं?

अनिकेत: काहीच नको.

देशमुख सर: लिहावं. रीत ती रीत.