बोट कापले आणि पतींचा हात लागला: वुजू राहिला की गेला?

नवशिकी: मी नमाज अलीकडेच शिकते आहे. माहेर रत्नागिरीकडचे, इमाम शाफईंना मानणारे; सासर मराठवाड्यातले हनफी, म्हणजे इमाम अबू हनीफांना मानणारे. काल असरच्या नमाजसाठी वुजू केला, म्हणजे नमाजपूर्वीचे हात-तोंड-पाय धुणे, आणि कांदा चिरताना बोट कापून रक्त मनगटापर्यंत ओघळले. पतींनी पट्टी बांधताना त्यांचा हात माझ्या हाताला लागला. सासूबाई म्हणाल्या, रक्ताने वुजू गेला. आई फोनवर म्हणाली, रक्ताने जात नाही, स्पर्शाने गेला. दोघी बरोबर कशा?

बाणकोटचे काका: ताई, दोघींच्याही मते आपला वुजू गेलाच आहे, फक्त कारणे वेगळी आहेत. लघवी, शौच, वायू सरणे, बेशुद्धी यांविषयी मतभेद नाही. वाद रक्ताचा आणि स्पर्शाचा आहे.

शरीरातून काय निघाले ते पाहायचे की कुठून निघाले ते पाहायचे, हा रक्ताच्या वादाचा मूळ प्रश्न होय. इमाम अबू हनीफा यांच्या मते निघालेली वस्तू नापाक असली की पुरे, ती कुठूनही निघो. मात्र रक्त जखमेच्या तोंडाशीच थेंबासारखे थांबले तर वुजू टिकतो, आणि तेथून पुढे वाहिले तर तुटतो. आपले मनगटापर्यंत आले, म्हणून सासूबाईंचे म्हणणे त्यांच्या मजहबप्रमाणे, म्हणजे धर्मनियमांच्या परंपरेप्रमाणे, अचूक आहे. इमाम शाफई मलमूत्राच्या दोन मार्गांनाच धरून चालतात, त्यामुळे बोटाच्या रक्ताने त्यांच्याकडे वुजू तुटत नाही. ते रक्त धुवावे लागते खरे, पण धुणे वेगळे आणि वुजू तुटणे वेगळे.

एक वाचक, पुणे: मग सोपे आहे. रक्ताबाबत शाफईंचे ऐकावे आणि स्पर्शाबाबत हनफींचे, म्हणजे वुजू शाबूत राहतो. शिवाय पत्नीच्या स्पर्शाने वुजू जातो असे मानणे म्हणजे स्त्रीला अपवित्र ठरवणे आहे, आणि ते मला पटत नाही.

बाणकोटचे काका: आपली दुसरी शंका आधी घेतो, कारण ती मनाला लागणारी आहे. शाफई मतात पतीच्या स्पर्शाने पत्नीचा वुजूही तसाच तुटतो; आई, बहीण, मुलगी यांच्या स्पर्शाने तुटत नाही आणि मध्ये कापड असले तरी तुटत नाही. येथे अपवित्रतेचा संबंधच नाही.

वाद एका क्रियापदाचा आहे. सूरह माइदाच्या ६व्या आयतीत 'लामस्तुम' हा शब्द येतो, आणि काही मान्य पठणांत तो आखूड स्वराने 'लमस्तुम' असा वाचला जातो. शाफईंनी त्याचा सरळ अर्थ घेतला, हाताने शिवणे. हनफींनी तो शरीरसंबंधासाठी वापरलेला सभ्य शब्द मानला, म्हणून नुसत्या स्पर्शाने त्यांच्याकडे वुजू तुटत नाही.

अरबीचा विद्यार्थी: येथे मी हनफींच्या बाजूने आहे. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा सांगतात की पैगंबर रात्री नमाज पढत असताना त्या समोर झोपलेल्या असत, आणि सजद्याच्या वेळी ते हाताने त्यांच्या पायाला खुणावत, मग त्या पाय आखडून घेत. स्पर्शाने वुजू तुटत असता तर नमाज पुढे चालली असती का?

बाणकोटचे काका: शाफई त्यावर म्हणतात की पायावर पांघरूण असणे शक्य आहे. मला हे उत्तर काहीसे ओढूनताणून वाटते, हे शाफई असूनही सांगतो. पण आयतीच्या शब्दाचा त्यांनी घेतलेला अर्थ दुबळा नाही.

दापोलीहून: आमचे हजला फार हाल झाले. काबाभोवती तवाफ करताना गर्दीत परक्या बायकांचे हात लागत होते आणि दर वेळी वुजूला परतणे अशक्य होते. आमच्या मौलानांनी तेवढ्यापुरते हनफी मत घेण्याची मुभा दिली. मग या ताईंना का नाही?

बाणकोटचे काका: आपल्याला मुभा मिळाली ती एका पूर्ण मतावर चालण्याची. म्हणून तेव्हा वुजूही हनफी रीतीने पुरा हवा. शाफईंकडे डोक्याच्या थोड्या केसांवर ओला हात फिरला तरी चालतो, हनफींकडे किमान पाव डोके लागते. पुण्याच्या वाचकांनी सुचवलेला मार्ग मात्र असा आहे की त्या वुजूला अबू हनीफा रक्तामुळे तुटलेला म्हणतील आणि शाफई स्पर्शामुळे. दोघांपैकी एकाच्याही मते जो शिल्लक नाही, तो टिकला कोणाच्या आधारावर?

एक वाचक, पुणे: हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर मी एका मोठ्या इमामाकडून घेतले आहे. अशी सांगड चालते असे म्हणणारे विद्वानही आहेत. मी माझे मत सोडत नाही.

बाणकोटचे काका: असे विद्वान आहेत, हे मान्य. बहुसंख्य मात्र त्याला नकार देतात.

नवशिकी: मी पुन्हा वुजू करते. पट्टीचे काय करावे?

बाणकोटचे काका: पाणी लागून जखम चिघळणार नसेल तर पट्टी काढून बोट धुवावे, त्यात दोन्ही मजहबांचे एकमत आहे. चिघळणार असेल तर हनफींकडे पट्टीवरून ओला हात फिरवणे पुरते. शाफईंकडे त्याबरोबर पाण्याऐवजी शुद्ध मातीने करायचा तयम्मुमही लागतो.