मदत हवी आहे: विक्री 30 टक्के घटली, पण नफा दोन तृतीयांश कसा बुडाला?

पोळीभाजी_पुणे: माझं पोळी केंद्र आहे. पोळी 10 रुपयांना जाते. पीठ, तेल, गॅस, पॅकिंग धरून 5 रुपये लागतात. पूर्वी बायका लाटायच्या, त्यांना पोळीमागे 2 रुपये आणि जागेचं भाडं महिना 15,000. यंदा मशीन घेतलं. लाटणावळ गेली, पण कर्जाचा हप्ता 22,000 आणि ऑपरेटरचा पगार 18,000 वाढला. 20,000 पोळ्या गेल्या की पूर्वीही 45,000 उरायचे, आताही तेवढेच. मे महिन्यात होस्टेलची मुलं गावी गेली, 14,000च गेल्या आणि हातात फक्त 15,000 राहिले. गल्ल्यात घोळ आहे का? रात्रभर हिशोब करतेय.

गिरणीकर: ताई, गव्हाचा भाव बघा, पीठ महागलं असेल. माझ्या गिरणीत तर दळण आलं नाही तरी वीजबिलात स्थिर आकार लागतोच.

पोळीभाजी_पुणे: पिठाचा भाव तोच आहे, दादा.

जमाखर्च: गल्ला बरोबर आहे. आता प्रत्येक पोळी 5 रुपये सोडते, म्हणून 14,000 पोळ्यांचे 70,000 होतात. त्यातून 55,000 ठरलेला खर्च गेला की 15,000च उरतात. जुन्या पद्धतीत पोळी 3 रुपयेच सोडायची, तरी याच विक्रीवर 27,000 उरले असते, कारण काम कमी झालं की मजुरीही आपोआप कमी व्हायची. हप्ता तसा कमी होत नाही. ना नफा ना तोटा ही पातळी 5,000 पोळ्यांवरून 11,000वर गेली आहे. उलट 25,000 गेल्या तर जुन्या पद्धतीत 60,000 आणि मशीनवर 70,000.

बीकॉम_शेवटचं_वर्ष: यालाच ऑपरेटिंग लिव्हरेज म्हणतात. 20,000 पोळ्यांनी सोडलेले 1,00,000 भागिले नफा 45,000, म्हणजे 2.22. विक्री जितके टक्के हलेल त्याच्या 2.22 पट नफा हलणार, हे कायम धरून चला.

जमाखर्च: 30 टक्क्यांना 67 टक्के, इथवर बरोबर. पण तो आकडा 20,000 पोळ्यांपुरताच. 14,000वर तो 70,000 भागिले 15,000, म्हणजे 4.67 होतो. 11,000च्या जितकं जवळ जाल तितका तो फुगतो. जूनमध्ये आणखी 10 टक्के घट झाली तर उरलेल्या नफ्यातला जवळजवळ निम्मा जाईल.

पोळीभाजी_पुणे: आता समजलं. एका कँटीनवाल्याला महिना 4,000 पोळ्या 7 रुपयांनी हव्यात. घेऊ का?

जमाखर्च: मशीन रिकामं असेल तर पोळीमागे 2 रुपये, महिन्याला 8,000 जास्तीचे येतात. ठरलेला खर्च तसाही भरताच आहात. मी घेईन.

खानावळ_नाशिक: मी असंच केलं होतं. दोन महिन्यांत जुनी गिऱ्हाइकंही कमी भाव मागू लागली. पोचवायला वेगळा माणूस ठेवावा लागणार असेल तर ते 2 रुपयेही राहत नाहीत.

पोळीभाजी_पुणे: पोचवणं माझ्याकडेच आहे. रोजच्या फेरीचं पेट्रोल किती लागतं ते उद्या काढते आणि इथेच लिहिते.