साखरपुडा ते लग्न : फोनवरचे विषय

"रोज रात्री तासभर बोलतो, तरी हल्ली 'जेवलीस का' पलीकडे काही सुचत नाही."

साखरपुडा होऊन वेगवेगळ्या गावी राहणाऱ्या जोडप्यांची ही तक्रार. त्यावर कुणी रोज व्हिडिओ कॉल करा म्हणतं, ते मला पटत नाही. दिवसाचा हिशेब रोज दिला की सांगण्यासारखं साठतच नाही, आणि एखादा फोन चुकला की रुसवा ठरलेला. त्यापेक्षा आठवड्यातून दोनच मोठे फोन ठेवा, वार ठरवून, म्हणजे घरच्यांनाही त्या वेळेची सवय होते. मधल्या दिवशी मिनिटभराचा आवाजी निरोप पुरे. मोठ्या फोनला एकच खरा विषय घ्या: लग्नानंतर पगारातलं घरी किती द्यायचं, नोकरी कुणी बदलायची, सणाला कुठे जायचं. मतभेद निघाला तर तो मेसेजवर ओढू नका. लिहिलेल्या शब्दांना सूर नसतो, त्यामुळे साधा प्रश्नही टोमणा वाटतो.

फोनइतकंच भेटीचंही आधी ठरवायला हवं. समजा मुलगा इंदूरचा, मुलगी बडोद्याची. अवंतिका एक्स्प्रेस थेट आहे, पण तो बडोद्याला उतरला की मामा, आत्या, केळवण यांतच दिवस जातो आणि दोघं पंगतीत समोरासमोर बसून परततात. म्हणून तिकीट काढण्याआधीच मुलीने आईला सांगावं: सकाळी दोन-तीन तास सयाजीबागेत आम्ही दोघंच, जेवायला घरी. आधी सांगितलं तर सहसा कुणी अडवत नाही. आयत्या वेळी विचारलं की धाकटा भाऊ सोबत येतोच! निघण्यापूर्वी पुढच्या भेटीची तारीख ठरवा, भले ती दोन महिन्यांनंतरची असो.