मदत हवी आहे: गर्भाशयाच्या गाठीत नेक्रोसिस दिलं की बिनाइन का मॅलिग्नंट?

प्रश्न असा आहे, मायोमेट्रियममधली स्पिंडल सेल्सची गाठ, कडा स्पष्ट, १० हाय पॉवर फील्डमध्ये ६ मायटोसिस, अटिपिया नाही, आणि पुढे नुसतं 'नेक्रोसिस दिसतो'. मायटोसिस १० च्या खाली आणि न्यूक्लियाय साधे म्हणून मी लायोमायोमा धरला, पण नेक्रोसिसपाशी गाडी अडतेय. जिवंत पेशींना लागून एकदम मेलेल्या पेशी आणि त्यांचे न्यूक्लियाय अजून पुसट दिसतायत तर कोअ‍ॅग्युलेटिव्ह, म्हणजे सार्कोमाची शंका, आणि मधे हायलिनचा किंवा ग्रॅन्युलेशन टिश्यूचा पट्टा असेल तर इन्फार्क्टसारखा, तो बिनाइनमधेही चालतो, एवढं वाचून झालंय. इम्युनो किंवा स्लाइडचा फोटो दिलेला नाही, फक्त या ओळी आहेत. मग नेक्रोसिसचा प्रकारच लिहिला नसेल तर बाकी कुठल्या शब्दावरून ठरवायचं?