चार अंकी गुप्त क्रमांक ओळखायचा खेळ : दोन अंदाजांनंतर पुढे काय विचारू?

मृण्मयी_डोंबिवली
सकाळच्या लोकलमध्ये आमच्या ग्रुपमध्ये बुल-काऊ रंगतं. चार वेगवेगळे अंक, ० पहिला आला तरी चालतो. अंक आणि जागा दोन्ही बरोबर असतील तर बुल, अंक आहे पण जागा चुकली तर काऊ. आज दादर आलं आणि डाव अर्धवट राहिला, उद्या पुढे खेळायचाय. आत्तापर्यंत:

१२३४ : ० बुल, २ काऊ
२७४९ : ३ बुल, ० काऊ

पुढचा अंदाज कोणता घेऊ? आणि एकूणच विचार कसा करायचा, तेही सांगा.

परळकर
तीन अंक जागेवर बसलेत म्हणजे जवळजवळ सुटलंच की! २७४ धरून ठेवा आणि शेवटचा अंक बदलत जा. एकच नियम पाळायचा: जे उत्तर असू शकतं तेच विचारायचं.

सुनंदा_गोरेगाव
माझ्या प्रवासी बॅगेचं कुलूप तीन आकड्यांचं आहे आणि नंबर विसरलेय. ही पद्धत तिथे चालेल का?

अनिरुद्ध_मुलुंड
सुनंदाताई, कुलूप काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे ही पद्धत तिथे लागू नाही. ००० पासून ९९९ पर्यंत क्रमाने फिरवत जा, हजारच आहेत.

मृण्मयी, चुकीचा अंक शेवटचाच आहे असं तुला कुणी सांगितलेलं नाही. चारही जागा तपासू. ९ चुकीचा असेल तर त्याजागी १ किंवा ३ येणार नाही, कारण १२३४ मधले दोनच अंक आहेत आणि ते २ आणि ४ झाले. उरले ०, ५, ६, ८. म्हणजे २७४०, २७४५, २७४६, २७४८. ७ चुकीचा असेल तर तसेच चार: २०४९, २५४९, २६४९, २८४९.

२ चुकीचा असेल तर गंमत आहे. मग १२३४ मधला दुसरा अंक १ किंवा ३ हवा. १ पहिल्या जागी ठेवला तर पहिल्या अंदाजात बुल मिळाला असता, तो मिळाला नाही. म्हणून फक्त ३७४९. ४ चुकीचा असेल तर त्याच न्यायाने तिथे ३ चालत नाही, राहतो २७१९. एकूण दहा.

आता माझं मत: तिसरा अंदाज ५७३०. हे उत्तर असूच शकत नाही, तरी विचार. २ बुल आले तर २७४०. १ बुल १ काऊ: २७४५ किंवा ३७४९. नुसता १ बुल: २७४६, २७४८ किंवा २७१९. नुसता १ काऊ: २०४९ किंवा २५४९. काहीच नाही: २६४९ किंवा २८४९. कुठल्याही ढिगात तीनपेक्षा जास्त उरत नाहीत आणि पाचव्या अंदाजापर्यंत सुटतंच. परळकरांच्या पद्धतीने २७४० विचारलं तर एका उत्तराला पाच जण शिल्लक राहतात. मग त्यातलाच २५४९ घेतला, तर सहाव्यापर्यंत जाऊ शकतं.

परळकर
मी तर वाचलंय की कुठलाही क्रमांक पाच अंदाजांत सुटतो, गणिताने सिद्ध झालंय.

अनिरुद्ध_मुलुंड
ते रंगांच्या खुंट्यांच्या खेळाचं आहे. सहा रंग, चार जागा, रंग परत आला तरी चालतो, म्हणजे १,२९६ शक्यता. डोनाल्ड कनूथने १९७७ मध्ये पाच अंदाज पुरतात हे दाखवलं. आपल्याकडे चार वेगळ्या अंकांच्या ५,०४० शक्यता असतात, तिथे नीट खेळलं तर सात पुरतात. पहिला अंदाज १२३४ असो वा ५८०७, काही फरक पडत नाही. आणि पहिल्यालाच ० बुल ० काऊ आलं तर हिरमुसू नका, ५,०४० वरून थेट ३६० वर येता.

परळकर
पण जो आधी ओळखेल तो जिंकला असं असेल तर? ५७३० विचारून मी माझी संधीच घालवतो. २७४० निदान दहात एकदा लागेल.

अनिरुद्ध_मुलुंड
समोरचा पुढच्याच खेळीत ओळखणार अशी चिन्हं असतील तर तुमचं बरोबर आहे. मृण्मयीच्या ग्रुपमध्ये कसं ठरलंय त्यावर आहे.

मृण्मयी_डोंबिवली
आज सकाळी ५७३० विचारलं, १ बुल. मग २७४६ : २ बुल. २७४८ असतं तर तीन आले असते, म्हणून २७१९ सांगितलं. बरोबर निघालं! आमच्यात आधी ओळखणारा जिंकतो असंच आहे, त्यामुळे परळकरांचा मुद्दा मनात आहे. अजून एक: गर्दीत कागद काढता येत नाही, दहा शक्यता लक्षात कशा ठेवू?

वैशाली_ठाणे
आम्ही शक्यता पाठ करतच नाही. कुठल्या जागी कुठला अंक नाही, एवढंच बोटांच्या पेरांवर धरतो. आणि शेवटी एकही क्रमांक बसत नसेल, तर समोरच्याने बुल-काऊ मोजताना चूक केलेली असते. सगळी उत्तरं परत विचारून घ्यायची.